निरोप पोचवणारं पोर

प्रश्न : आमचं तासगाव भागात एकत्र कुटुंब आहे, नऊ माणसं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याबद्दलची तक्रार मला न सांगता माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला सांगतात. खरं सांगायचं तर मीही तिच्याच हाती निरोप देते. हे कुणाचीच बाजू घेत नाहीत. दोन महिने झाले, मुलीच्या पोटात दुखतं, शाळा बुडते, तपासण्या नॉर्मल आल्या. एका व्हिडिओत ऐकलं की याला ट्रँग्युलेशन आणि एन्मेशमेंट म्हणतात आणि वेगळं राहणं हाच उपाय. खरं आहे का? वेगळं न होता काही करता येईल का?

उत्तर :

आधी पोटाचं बोलू. तपासण्या नॉर्मल आल्या याचा अर्थ डॉक्टरांना पोटात आजार सापडला नाही, एवढाच. मुलगी नाटक करत नाही. ताणामुळे दुखणारं पोट खरंच दुखतं, आतड्यांच्या नसा अशा वेळी साधी हालचालही कळ म्हणून जाणवून देतात. मात्र वजन घटत असेल, रात्री झोपेतून कळ उठवत असेल, ताप किंवा सारख्या उलट्या असतील, शौचातून रक्त जात असेल, तर घरातल्या ताणाचा विचार बाजूला ठेवून पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे जा. यातलं काही नसेल तर पुढचं वाचा.

ट्रँग्युलेशनला मी त्रिकोण म्हणते. ही कल्पना मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाची. 1954 ते 1959 या काळात त्यांनी एका सरकारी संशोधन संस्थेत रुग्णाबरोबर त्याची आई आणि पुढे सगळं कुटुंबच वॉर्डात राहायला ठेवलं आणि ती माणसं दिवसभर एकमेकांशी कशी वागतात ते पाहिलं. त्यांना दिसलं ते असं: दोन माणसांतला ताण एका मर्यादेपलीकडे गेला की त्यातलं एक जण तिसऱ्याला आत ओढतं. तिसरा आला की ताण वाटला जातो, दोघांनाही तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. त्यामुळे त्रिकोण हा काही रोग नाही. जावेचं वागणं खटकलं आणि तुम्ही माहेरी बहिणीला फोन केलात, तर तोही त्रिकोणच, आणि संध्याकाळपर्यंत तो विरून जातो.

बिघडतं कधी? दरवेळी तेच माणूस तिसऱ्या कोपऱ्यावर उभं राहायला लागलं की. हलकं वाटत असल्यामुळे मूळ दोघं कधी समोरासमोर बसतच नाहीत, आणि ज्या गोष्टीवरून सुरुवात झाली ती तशीच पडून राहते. तिसऱ्या कोपऱ्यावर मोठं माणूस असेल तर ते कंटाळून उठून जातं. मुलाला उठून जाता येत नाही. त्याला आजीही हवी असते आणि आईही. एकीचं ऐकलं की दुसरीशी बेइमानी केल्यासारखं वाटतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नसते.

माझ्याकडे आलेल्या एका घराचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पलूस तालुक्यातलं गाव, घरात आठ माणसं. आण्णा, आजी, थोरला मुलगा, सून आणि त्यांची मुलगी, धाकटा मुलगा, सून आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. ऊस आणि तीन संकरित गाई. गाईंचं शेणघाण, धारा, सगळं धाकटी सून करायची. डेअरीचं खातं आजींच्या नावावर. दर दहा दिवसांनी साधारण नऊ हजारांचं बिल व्हायचं आणि पैसे आजींच्या हातात यायचे. मुलाचं डोकं दुखत होतं. डोळे तपासून झाले होते, मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं.

पहिल्या दिवशी मुलगा आजी आणि आईच्या मधल्या खुर्चीवर बसला. कुणी बसवलं नव्हतं, तो आपणहून तिथं गेला. मी त्याच्या आईला विचारलं, "काल रात्री भाजी काय होती?" आईनं तोंड उघडायच्या आधी पोरानं आजीकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "वांगं होतं, त्याला नाही आवडत." मी मुलाला विचारलं, "तुला वांगं आवडत नाही?" त्यानं आधी आजीकडे, मग आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "तसं आवडतं पण." उत्तर दोघींनाही चालेल असं झालं होतं. बारा वर्षांच्या पोराला एवढं तोलून बोलता येतं, याचं घरातल्या सगळ्यांना कौतुक होतं. मला काळजी वाटली.

मी त्यांना एक वही दिली. डोकं दुखलं की तारीख, वेळ आणि आदल्या दिवसापासून घरात काय घडलं ते लिहायचं. कुणाची चूक ते लिहायचं नाही. सहा आठवड्यांत नऊ वेळा डोकं दुखलं. त्यातल्या सहा वेळा डेअरीचं बिल आलेला दिवस होता किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. शाळेचा, परीक्षेचा, अभ्यासाचा काही संबंध दिसेना. बिलाच्या दिवशी काय व्हायचं हे मग मुलानंच सांगितलं. आई म्हणायची, "आजीला विचार, सहलीचे सातशे रुपये देणार का." आजी म्हणायच्या, "तुझ्या आईला सांग, पैसे झाडाला लागत नाहीत, माहेराहून आण म्हणावं." पोरगं परत येऊन सांगायचं, "आजी म्हणाली, बघू." आई म्हणायची, "मला माहीतच होतं, मी राबायचं आणि हात पसरायचे." पोरगं आजीकडे जाऊन सांगायचं, "आई म्हणाली, बरं." तो दोन्हीकडचे निरोप सौम्य करून पोचवत होता. कधीतरी हे उघडकीला आलं की दोघीही त्याला खोटारडा म्हणायच्या, आणि तेवढ्या एका गोष्टीवर दोघींचं एकमत व्हायचं. घर त्या दिवशी शांत असायचं, त्याच्या डोक्यात मात्र घण पडत असायचे.

इथं बापाचं पाहायला हवं, कारण तुमच्याही प्रश्नात ती ओळ आहे. धाकटा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मी दोघींच्या मधे पडत नाही." त्याच्या मते हा शहाणपणा होता. पण तो जी जागा सोडत होता ती रिकामी राहत नव्हती. बाप मधून निघाला की मुलगा मधे येतो. बोवेनचं म्हणणं असं की त्रिकोण सोडवायला तिसऱ्या माणसानं पळून जायचं नसतं आणि बाजूही घ्यायची नसते. दोघांशी संबंध ठेवायचा, दोघांचं ऐकायचं, पण एकाचं दुसऱ्याला पोचवायचं नाही आणि न्यायनिवाडा करायचा नाही. हे ऐकायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. कारण आई रडत असताना "आई, हे तू तिलाच सांग, पाहिजे तर मी तिथं बसतो" एवढंच म्हणून थांबणं धाकट्यासारख्या मुलाला निर्दयपणाचं वाटतं.

आणखी एक त्रिकोण मागे होता. आजींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. आण्णांनी कधीकाळी विहिरीसाठी त्यांचे दागिने मोडले, ते परत झाले नाहीत, आणि त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. दुधाचं बिल हा त्या बाईच्या आयुष्यातला स्वतःच्या हातात येणारा एकमेव पैसा होता. सुनेनं त्यातलं मागितलं की आजींना आपली मूठ उघडली जातेय असं वाटायचं. सासू-सुनेचं भांडण म्हणून आपण जे पाहतो त्याच्या तळाशी पुष्कळदा नवरा-बायकोचं न झालेलं बोलणं असतं. हे कळलं म्हणून सुनेच्या कष्टाचा पैसा तिला न मिळणं बरोबर ठरत नाही. पण कुणाशी काय बोलायचं ते ठरवायला त्याचा उपयोग होतो.

आता एन्मेशमेंट. हा शब्द कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वाडोर मिनुचिन यांचा. जन्म अर्जेंटिनातला, काम बहुतेक अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या मोठ्या कुटुंबांबरोबर आणि पुढे फिलाडेल्फियात. त्यांनी घरातल्या माणसांमधल्या मर्यादांचा विचार केला. आपल्याकडे यासाठी बांध हा शब्द अगदी नेमका आहे. दोन शेतांमधला बांध म्हणजे भिंत नव्हे. त्यावरून माणूस जातो, बैल जातो, दारं धरताना तो फोडून पाणी पलीकडे देता येतं. पण कुणाचं शेत कुठं संपतं हे त्यावरून कळतं. बांधाच्या जागी भिंत घातली की माणसं एकमेकांना तुटतात. बांध कोरत कोरत नाहीसा झाला की कुठलं दुःख कुणाचं, कुठला राग कुणाचा, हेच कळेनासं होतं. या दुसऱ्या अवस्थेला मिनुचिन एन्मेशमेंट म्हणतात. मी सरमिसळ म्हणते. या दोन टोकांच्या मधे कुटुंबं कुठंतरी असतात, आणि नुसतं एका टोकाकडे झुकलेलं असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे.

त्या व्हिडिओत नेमकं इथंच घसरलं असावं. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली तिच्यात एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवधर्म आहे. यातली एकही गोष्ट म्हणजे सरमिसळ नव्हे. आजीजवळ झोपणारा नातू, थोरल्यांना विचारून घेतलेला ट्रॅक्टर, एकाच डब्यातला पगार, हे जवळिकीचे प्रकार आहेत. आजीनं नातवाला वाढवणंही त्यात आलं. मोठ्या कुटुंबात आईबापाचं काही काम दुसऱ्यानं करणं स्वाभाविक आहे, असं मिनुचिन यांनीही मानलं. अट एवढीच की ते काम कुणी कुणाला दिलं आणि कुठवर दिलं, हे सगळ्यांना स्पष्ट असावं.

मग सरमिसळ ओळखायची कशी? मी एकच गोष्ट बघते. या घरात एखाद्याला वेगळं मत असलं तर काय होतं? सून म्हणाली, "मला या वर्षी यात्रेला नाही यायचं," तर रागवारुसवा होऊन दोन दिवसांत विषय संपतो, की घरात कुणी जेवतच नाही? आजींचं डोकं चढलं की तासाभरात सगळ्यांची तोंडं पडतात का? एकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरा देतो का? पलूसच्या घरात वांग्याच्या भाजीवर जे घडलं ती सरमिसळ होती. तो मुलगा आजीजवळ झोपायचा, ती सरमिसळ नव्हती, आणि मी ते बंद करायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोराचा आधार गेला असता आणि आजींना खात्री पटली असती की ही सुनेच्या बाजूची बाई आहे.

आम्ही काम केलं ते एवढंच. पहिलं, दोघींनी एकत्र बसून मुलाला एक वाक्य सांगायचं: "आजपासून आमचे निरोप तू न्यायचे नाहीस." दोघींनी एकत्र, हे महत्त्वाचं. एकटीनं सांगितलं तर तोही एक निरोपच होतो. दुसरं, दर रविवारी जेवणानंतर वीस मिनिटं आजी आणि सून समोरासमोर, धाकटा मुलगा शेजारी. त्यानं बोलायचं नाही, फक्त उठून जायचं नाही. विषय एकच: दुधाचं बिल. जुनं काही काढायचं नाही. तिसऱ्या रविवारी ठरलं की प्रत्येक बिलातले आठशे रुपये सुनेच्या हातात, हिशेब न विचारता. रक्कम लहान होती, पण ती मागावी लागणार नव्हती.

त्याच आठवड्यात आजींनी अंथरूण धरलं. थोरल्या सुनेला म्हणाल्या, "मला आता या घरात किंमत नाही." थोरली येऊन धाकटीला म्हणाली, "तू मन मोठं कर." कोल्हापूरच्या लेकीचा फोन आला. एका त्रिकोणाचं तोंड बांधलं की ताण शेजारच्या त्रिकोणात शिरतो, तो असा. बोवेननं या उलट्या लाटेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी "तू चुकतेस", मग "पहिल्यासारखी हो", आणि मग "नाही झालीस तर बघ काय होतं". बहुतेक घरं इथं माघार घेतात आणि समजतात की उपाय चुकला. खरं तर काहीतरी हललंय याची ती खूण असते. धाकट्या सुनेनं त्या चार दिवसांत दोन गोष्टी केल्या. आजींच्या अंथरुणाशी चहा-भाकरी नेऊन दिली, आणि आठशे रुपये परत केले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात मुलाचं डोकं दोनदा दुखलं. सासू-सुनेत माया वगैरे निर्माण झाली नाही. आण्णा एकदाही माझ्याकडे आले नाहीत, आणि दागिन्यांचा विषय आजतागायत तसाच आहे.

वेगळं राहण्याबद्दल. जागा पुरत नाही, नोकरी सांगलीत आहे, पटत नाही, म्हणून वेगळी चूल मांडणं हा तुमचा निर्णय, त्यात गैर काही नाही. पण पोटदुखीवरचा उपाय म्हणून ते करू नका. न सुटलेला ताण अंतरामुळे दिसेनासा होतो, संपत नाही, असं बोवेनचं मत होतं, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. विश्रामबागला फ्लॅट घेऊन राहिलेल्या एका कुटुंबात आजीचा फोन रोज रात्री आठला थेट नातीला यायचा: "आईनं आज काय केलं गं?" घर बदललं, मुलीची जागा तीच राहिली.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. या विचारात घरातल्या प्रत्येकाचा वाटा पाहिला जातो, आणि त्यामुळे ज्याच्या हातात सत्ता आहे त्याची जबाबदारी पातळ होते, अशी टीका स्त्रीवादी समुपदेशकांनी फार पूर्वी केली आहे. ती मला मान्य आहे. मारहाण, हुंड्यासाठी छळ, उपाशी ठेवणं, मुलीला धमकावणं यातलं काही असेल तर त्रिकोण वगैरे विसरा, समोरासमोर बसवू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यासाठी आहे, संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं, महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत.

तसं काही नसेल तर सुरुवात तुमच्या हातातल्या टोकापासून करा. तुम्हीही मुलीच्या हाती निरोप देता, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मला आशा वाटते. आत्ती थांबायची वाट न पाहता तुमचे निरोप आजच बंद करा. स्वयंपाकघरात जाऊन स्वतः विचारा, आवाज कापला तरी चालेल. तीन आठवडे वही ठेवा आणि पोट कुठल्या दिवशी दुखतं ते बघा. शाळा शक्यतो बुडवू देऊ नका, अर्धा दिवस का होईना पाठवा, कारण घरी राहिली की ती पुन्हा दोघींच्या मधेच असते. यजमानांना बाजू घ्यायला सांगू नका, बाजूला बसायला सांगा. पहिल्या बैठकीला विषय सगळ्यात लहान निवडा: सकाळचा डबा कोण भरणार, एवढा. द्राक्षाच्या पैशाचा नको, माहेरचा तर मुळीच नको. आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या धांदलीत हे सुरू करू नका, त्या दिवसांत घरात कुणालाच वीस मिनिटं मिळत नाहीत. दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा ती खाणं-खेळणं सोडून गप्प बसायला लागली, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. जाणं लगेच जमत नसेल तर टेलिमानसच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

आत्ती एकत्र बसून सांगायला तयार होतील असं मी गृहीत धरत नाही. मग तुम्ही एकटीनं एवढंच सांगा: "आजी तुला माझ्याबद्दल काही बोलली तर ते मला येऊन सांगायची गरज नाही. तू आजीवर रागवायचं नाहीस, आणि माझी बाजूही घ्यायची नाहीस. ते आमचं मोठ्यांचं आहे." ती लगेच विश्वास ठेवणार नाही. काही दिवस दारात येऊन उभी राहील आणि विचारेल, "मग आजीला काय सांगू?" दरवेळी तेच सांगा, "काही नाही, मी सांगते," आणि तिच्यासमोरच उठून आत्तींकडे जा.